'काय?' किती वेळा म्हणालात?

पुण्यातल्या एका मित्राने दोन गाळे जोडून छोटा कॅफे काढला. महिनाभराने त्याचा फोन आला. "रोज गाणी बदलून बघतोय, पण काहीतरी जमत नाहीये. तू जरा येऊन बस." माझं काम ध्वनिमुद्रणाचं, त्यामुळे असले फोन मला येतात. संध्याकाळी जाऊन कोपऱ्यातली खुर्ची पकडली आणि गाणी ऐकायच्या ऐवजी शेजारच्या तीन टेबलांवर 'काय?' हा शब्द किती वेळा येतो ते मोजलं. दहा मिनिटांत अकरा वेळा. एक आजोबा कानामागे हात धरून पुढे झुकत होते. त्यांच्यासमोरच्या बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगून पाहिली आणि मग "असू दे, घरी सांगते" म्हणून सोडून दिली.

लागलेलं संगीत मात्र अगदी सभ्य होतं. मंद पियानो, मागे हलका ड्रम. गाणी वाईट नव्हती, हाच माझ्या मित्राचा पेच होता. त्याने जाझ लावून पाहिलं, बासरी लावली, जुनी हिंदी गाणी लावली, आणि तक्रार तीच राहिली. कॅफेच्या संगीताचा प्रश्न आपण नेहमी 'कोणती गाणी?' असा विचारतो. माझ्या अनुभवात गाण्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी खोली, मग स्पीकर, मग आवाजाची पातळी. हे तिन्ही चुकलेलं असेल तर यादी कितीही चांगली असो, समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

ऐकायचं नाही असं संगीत करण्याचा प्रयत्न तसा जुना आहे. फ्रेंच संगीतकार एरिक सातीने त्याला 'फर्निचरचं संगीत' असं नाव दिलं होतं. टेबल-खुर्चीसारखं खोलीत असावं, पण कोणी त्याच्याकडे बघत बसू नये. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या एका कलादालनात, नाटकाच्या मध्यंतरात, त्याने आणि दारियुस मियोने ते वाजवून पाहिलं. वादकांना खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी बसवलं होतं. संगीत सुरू होताच प्रेक्षक गप्प झाले आणि ऐकायला लागले. साती त्यांच्यात फिरून, बोला, हिंडा, ऐकू नका, असं ओरडत राहिला, पण उपयोग झाला नाही. सातीचं नेमकं काय चुकलं हे मला या प्रसंगात फार शिकण्यासारखं वाटतं. संगीत शांततेत अचानक सुरू झालं, आणि जिथून कोणी काही वाजवेल अशी अपेक्षा नव्हती तिथून सुरू झालं. माणसाचा कान बदलाकडे वळतो. न बदलणाऱ्या आवाजाला तो लवकर विसरतो, म्हणूनच पंख्याची घरघर तो बंद झाल्यावर लक्षात येते.

पुढे अमेरिकेत जॉर्ज स्क्वायर या लष्करी अधिकाऱ्याने तारांवरून संगीत पुरवण्याचा धंदा उभा केला. १९३४ साली त्याचं नाव 'म्यूझॅक' झालं. त्यांचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे कारखाने आणि कार्यालयं. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात गाणी हळूहळू चढत्या जोशाची लावायची आणि मग तितकाच वेळ शांतता, अशी त्यांची एक पद्धत होती. हेतू कामगाराला हुशार ठेवण्याचा होता, त्यामुळे कॅफेवाल्याने चढता जोश तिथेच सोडून द्यावा. शांततेचे तुकडे मात्र उचलण्यासारखे आहेत. १९७८ साली ब्रायन इनोने विमानतळांसाठी म्हणून जे संगीत केलं त्यात तो आणखी पुढे गेला. मध्येच घोषणा झाली तरी बिघडू नये आणि माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत ते घुसू नये, असा विचार त्याने केला होता. बोलणं आधी आणि संगीत त्याच्या आजूबाजूला, हा कॅफेचाच विचार झाला.

संशोधनाकडे वळलं की एक नाव सगळ्या मार्केटिंगच्या लेखांत भेटतं, ते रोनाल्ड मिलिमन यांचं. १९८६ च्या त्यांच्या अभ्यासात एका अमेरिकन रेस्टॉरंटमध्ये काही दिवस संथ आणि काही दिवस जलद लयीचं संगीत लावलं. संथ लयीत लोक सरासरी ५६ मिनिटं टेबलावर बसले, जलद लयीत ४५. जेवणाच्या बिलात फरक पडला नाही, दारूच्या बिलात पडला. यावरून 'संथ गाणी लावा, विक्री वाढते' असा सल्ला जगभर फिरतो. पण आपल्या चौदा खुर्च्यांच्या कॅफेत दारू नाही. एक कॉफी घेऊन माणूस अकरा मिनिटं जास्त बसला तर बाहेर उभं असलेलं जोडपं निघून जातं, एवढाच त्याचा अर्थ. लयीचा परिणाम खरा आहे, पण त्याचा फायदा कोणाला हे गल्ला ठरवतो.

दुसरा गैरसमज जास्त उपद्रवी आहे. २०१२ मध्ये रवी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ५० किंवा ८५ डेसिबलपेक्षा सुमारे ७० डेसिबलच्या गोंगाटात लोकांना कल्पक कामं अधिक चांगली जमतात. त्यानंतर '७० डेसिबल म्हणजे कॅफेचा आदर्श आवाज' असं सर्रास लिहिलं जाऊ लागलं. त्या प्रयोगातली माणसं एकेकटी बसून कोडी सोडवत होती आणि कानावर संगीताऐवजी गोंगाट पडत होता. समोरच्याशी बोलणाऱ्या माणसासाठी हा आकडा चुकीचा आहे. लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा आणि गप्पा मारायला आलेल्या दोन मैत्रिणी यांना एकच आवाज पुरत नाही. दोघंही एकाच खोलीत असतील तर मी मैत्रिणींची बाजू घेईन. मुलाकडे इयरफोन असतो.

आता मुद्द्याचं गणित. साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतो. लहान टेबलापलीकडून तो दोनेक डेसिबल जास्त ऐकू येतो. आजूबाजूचा सगळा आवाज, म्हणजे संगीत, पंखे, मिक्सर आणि बाकीची माणसं मिळून, त्याच्यापेक्षा पाच-सहा डेसिबल तरी खाली असेल तर ऐकताना ताण येत नाही. पन्नाशीपुढच्या कानांना यापेक्षाही जास्त फरक लागतो. म्हणजे खोलीतला एकूण आवाज ५५ च्या आसपास राहिला तर गप्पा सुखाने होतात.

ताण कुठे येतो हे मराठीतच पटकन कळतं. 'सात', 'साठ' आणि 'साथ' या तीन शब्दांत फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. स्वर भरदार असतात, खालच्या पट्टीत असतात आणि गोंगाटातही तगतात. त, ठ, च, स, श यांची ओळख साधारण एक ते आठ हजार हर्ट्‌झच्या भागात असते, आणि ही व्यंजनं मुळातच बारीक असतात. झांज, ड्रमवरचा ब्रश, संतूरचे ठोके, गायकाचा धारदार आवाज हे सगळे याच भागात येतात. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही, अशी कॅफेतली नेहमीची अवस्था इथून येते. वय वाढतं तसे आधी वरच्याच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून आजोबांचं नुकसान दुप्पट.

यावर माणूस उपाय म्हणून काय करतो? आवाज चढवतो. एतियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे नोंदवलं आणि त्याचंच नाव या सवयीला पडलं. आपण ठरवून असं करत नाही, ते आपोआप होतं. पण त्यात एक मेख आहे. गोंगाट एक डेसिबलने वाढला तर माणूस साधारण अर्ध्या डेसिबलने आवाज चढवतो. म्हणजे गोंगाट दहाने वाढला की बोलणारा पाचने वर जातो आणि पाचने हरतो. शिवाय त्याचा चढलेला आवाज शेजारच्या टेबलाचा गोंगाट होतो, मग तेही चढवतात. त्यात कोणी 'आता गाणी ऐकूच येत नाहीत' म्हणून स्पीकरचा आवाज वाढवला, की वर्तुळ पुरं होतं.

म्हणून गर्दीच्या वेळी संगीत वाढवायचं नाही, उतरवायचं. हे लोकांना उलटं वाटतं, पण डेसिबलची बेरीज पाहिली की पटतं. माणसांचा गलका ६५ आणि संगीत ५५ असेल तर दोन्ही मिळून ६५.४ होतात. म्हणजे संगीत जवळजवळ नसल्यात जमा, पण त्रासही शून्य. तेच संगीत ऐकू यावं म्हणून ६५ वर नेलं तर बेरीज ६८ होते, आणि लोक पुन्हा चढतात. भरलेल्या खोलीत पार्श्वसंगीताचं काम माणसांचा गलकाच करत असतो. संगीताची खरी गरज दुपारी तीन वाजता असते, जेव्हा दोनच टेबलं भरलेली असतात आणि एकमेकांचं बोलणं ऐकू जाईल म्हणून दोन्हीकडे लोक कुजबुजतात. तेव्हा ५० ते ५२ डेसिबलचं संगीत त्या दोन टेबलांमध्ये पडद्यासारखं उभं राहतं. अनोळखी माणसांना मोकळेपणी बोलू देणारा हा आडोसा म्हणजे पार्श्वसंगीताचा सगळ्यात मोठा उपयोग, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

मित्राच्या कॅफेकडे परत येतो. खोली ६ मीटर लांब, साडेचार रुंद, ३.२ उंच. खाली चकचकीत टाइल्स, समोर पूर्ण काच, वर जिप्समचं सपाट छत, भिंतींना गुळगुळीत रंग. फोटोत फार छान दिसतं. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली तर तिची शेपटी ऐकू आली, 'टणण्‌' अशी. ही चाचणी कोणालाही करता येते. टाळी वाजताच विझली तर खोली बरी, तिला झणकार आला तर तिथे बोलणंही तसंच घुमणार.

किती घुमतं याचा अंदाज वॉलेस सॅबिनच्या जुन्या सूत्राने येतो. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले ती खोली जितका आवाज शोषते तेवढे चौरस मीटर. इथे घनफळ सुमारे ८६ घनमीटर. टाइल्स, काच आणि रंगवलेल्या भिंती जवळपास काहीच शोषत नाहीत. सगळं मिळून सहा चौरस मीटर धरले. बसलेली बारा माणसं आणखी साडेपाच देतात. कॅफेत सगळ्यात चांगलं शोषण करणारी वस्तू म्हणजे गिऱ्हाईक, पण तेच सगळ्यात जास्त आवाजही करतं. उत्तर आलं १.२ सेकंद. गाण्याच्या मैफलीला हा आकडा गोड आहे, गप्पांना जड. ०.६ ते ०.७ पर्यंत आणायला हवा होता.

छताला बारा चौरस मीटरचे पॅनेल लावले. लाकडी चौकट, आत दोन इंच जाडीची काचलोकर, वरून साधं खादीचं कापड. मित्राला अंड्यांचे ट्रे लावायचे होते, कारण कुठल्याशा व्हिडिओत त्याने ते पाहिले होते. अंड्यांच्या ट्रेने वरचे स्वर थोडेफार इकडेतिकडे विखुरतात, बाकी काही होत नाही, आणि आग लागली तर पहिले तेच पेटतात. काचलोकर बोलण्याच्या पट्टीतला ऐंशी टक्क्यांच्या आसपास आवाज गिळते, म्हणजे साडेनऊ चौरस मीटरची भर. नवा आकडा ०.६६ सेकंद. सॅबिनचं सूत्र अशा लहान, एकाच बाजूने मऊ केलेल्या खोलीत फार काटेकोर नसतं, पण दिशा बरोबर दाखवतं. याने गलका फक्त अडीच डेसिबल उतरतो. तो उतरला म्हणून माणसं हळू बोलतात आणि आणखी तेवढाच उतरतो. लोम्बारचं वर्तुळ उलटंही फिरतं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसवली, कॉफीचा ग्राइंडर दर्शनी काउंटरवरून मागच्या कोनाड्यात नेला. ग्राइंडरने दर पाच मिनिटांनी ८० च्या वर उडी मारली तर बाकी सगळं हिशेबात बसवून उपयोग नसतो.

भरलेल्या संध्याकाळी आधी ७४ डेसिबल दिसत होते, आता ६९. हा मोजलेला आकडा फोनवरच्या ॲपचा आहे, त्यात दोन-तीन डेसिबलची चूक गृहीत धरा. पण त्याच फोनने, त्याच खुर्चीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आधी आणि नंतर मोजलं तर फरक विश्वासाचा असतो. ६९ ही काही शांतता नव्हे. त्या तासाला मित्र आता संगीत बंदच ठेवतो, आणि आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही की गाणी का बंद आहेत.

स्पीकरची गोष्ट खोलीपेक्षा सोपी आहे, तरी चूक सगळीकडे तीच दिसते. काउंटरवर एकच ब्लूटूथ स्पीकर, तोंड हॉलकडे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबल उतरतो. बंद खोलीत थोडा कमी उतरतो, पण उतरतो. मित्राकडे काउंटरजवळच्या टेबलावर ६६ आणि काचेजवळच्या टेबलावर ५७ असे आकडे होते. काचेजवळच्यांना जेमतेम ऐकू यावं म्हणून काउंटरजवळच्यांनी ओरडायचं. त्याऐवजी चार लहान स्पीकर छताजवळ, टेबलांच्या मधल्या जागेवर, खाली तोंड करून लावले. एकाही टेबलाच्या बरोबर डोक्यावर नाही. आता रिकाम्या खोलीत प्रत्येक खुर्चीवर ५१ ते ५३. दोन्ही बाजूंचं स्टीरिओ मोडून एकत्र केलं, नाहीतर एका टेबलाला नुसती गिटार आणि दुसऱ्याला नुसता पियानो मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरवर दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचा भाग तीन-चार डेसिबल उतरवला, व्यंजनांना जागा मिळावी म्हणून. खालचा धमधमाटही कापला. जोरात असला तर तो वरच्या स्वरांना झाकतो, आणि भिंतीतून वरच्या मजल्यावर पोचतो. कॅफेबद्दल सोसायटीचं पहिलं पत्र बहुतेक वेळा याच धमधमाटाबद्दल असतं.

इतकं झाल्यावर गाणी.

पहिला प्रश्न शब्दांचा. समजणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडले की मेंदू ते ऐकल्याशिवाय राहत नाही. आपण बोलतोय मराठीत आणि मागे मराठी गाणं, तर दोन माणसांच्या बोलण्यात तिसरा माणूस घुसल्यासारखं होतं. आपल्याकडे तर अंतऱ्यापर्यंत पाठ असलेली गाणी शेकड्याने. शब्द नको म्हणून वाद्यावर वाजवलेली हिंदी सिनेमाची गाणी लावली तर वेगळंच होतं. एनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन किंवा व्हॅन शिपली यांची गिटार मला व्यक्तिशः फार आवडते. पण कॅफेत ती लागली की प्रत्येक टेबलावर 'ओळखा पाहू' सुरू होतं, आणि शब्द नसले तरी डोक्यात ते आपोआप जोडले जातात. आनंदाचा खेळ आहे, पण मागे राहणारं संगीत नव्हे.

बोसा नोव्हा जगभरच्या कॅफेंत का पसरलं याचं उत्तर इथेच आहे. जोआओ जिल्बेर्तो जवळजवळ बोलल्याच्या आवाजात गातो. नायलॉनच्या तारांची गिटार टोचत नाही. ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर, मध्येच उसळी नाही. आणि भाषा पोर्तुगीज, म्हणजे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला शब्द नुसते स्वर म्हणून ऐकू येतात. हीच गाणी पणजीत फोन्ताइन्यशच्या एखाद्या कॅफेत लावली तर जुन्या पिढीतल्या काही गिऱ्हाइकांना ते शब्द कळतील आणि हिशेब बदलेल. हल्लीच्या 'लो-फाय' संगीतात वरचे स्वर मुद्दाम बोथट केलेले असतात, लय संथ असते आणि एकच छोटा तुकडा फिरत राहतो. कामाचं आहे, पण मला तास झाल्यावर त्याचा कंटाळा येतो. चवीचा भाग.

आपल्या शास्त्रीय संगीताचं काय, हा प्रश्न पुण्यात टळत नाही. मित्राने पहिल्याच आठवड्यात सतारीची मैफल लावून पाहिली होती. अडचण रागाची नाही, रचनेची आहे. आलाप इतक्या हलक्या आवाजात सुरू होतो की पंख्याखाली तो हरवतो. संगीत बंद आहे समजून कोणीतरी आवाज वाढवतं. मग जोड येतो, तबला येतो, द्रुत गत येते, आणि झाल्यापर्यंत पोचेस्तोवर सगळे ओरडून बोलत असतात. शेवटी टाळ्यांचा कडकडाट, आणि अख्खा कॅफे वळून बघतो. मैफल ऐकणाऱ्याला धरून वर नेण्यासाठीच बांधलेली असते. तिला मागे बसवणं हा तिच्यावर अन्याय, आणि गिऱ्हाइकावरही. तरी लावायचंच असेल तर लांब मैफलीतले नुसते आलापाचे तुकडे, किंवा मुळातच छोट्या, समतोल रचना घ्याव्यात. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका त्या जातीची आहे, जरी संतूरचे ठोके वरच्या पट्टीत टोचू शकतात.

वेळेचं भानही ठेवावं लागतं. सकाळी आठ वाजता यमन लावला तर काही लोक उठून सांगायला येतात, आणि ते बरोबर असतात. भैरवी तर संध्याकाळी पाच वाजता लावूच नये. मित्राकडे एकदा लागली आणि दोन टेबलांनी बिल मागवलं. योगायोग असेल. मला तसं वाटत नाही.

यादीतल्या गाण्यांची पातळी एकसारखी असणं हे राग किंवा जाझ निवडण्यापेक्षा महत्त्वाचं. १९५९ चं ध्वनिमुद्रण हळू, २०१९ चं कर्कश, दोन्ही लागोपाठ आली की कान दचकतो. बहुतेक ॲपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. पण ती दोन गाण्यांमधला फरक मिटवते, एकाच गाण्यातला चढउतार नाही, म्हणून प्रत्येक गाणं शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकूनच यादीत घ्यावं. एक गाणं विरत असताना दुसरं हलकेच सुरू व्हावं, सहा-आठ सेकंदांत. फुकटच्या खात्यातून मध्येच येणारी जाहिरात हा सातीच्या प्रेक्षकांना गप्प करणारा तोच अचानकपणा.

खात्याचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. संगीताच्या ॲपचं नेहमीचं खातं खासगी वापरासाठी असतं. धंद्याच्या जागी गाणं वाजवणं हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली सार्वजनिक सादरीकरण ठरतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि चाल-शब्दांचा वेगळा, म्हणून पीपीएल आणि आयपीआरएस अशी दोन दारं असतात. प्रसिद्ध होऊन ६० वर्षं झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क संपतो, पण त्यातल्या चालीचा आणि शब्दांचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे 'जुनं गाणं म्हणजे फुकट' हा समज अर्धाच खरा. दुसरा रस्ता म्हणजे ओळखीच्या वादकाकडून तासाभराचं स्वतःचं मुद्रण करून घेणं आणि वापराचे हक्क लेखी घेणं. मित्राने गिटार वाजवणाऱ्या एका मुलाकडून तसं करून घेतलं. दुपारी तीन ते पाच तेच वाजतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सगळं लावून झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर दुपारचा आवाज ५२ वरून ६० वर गेला होता. कोणी चढवला? काउंटरवरच्या मुलांनी. यादी दोन तासांची होती आणि त्यांची पाळी दहा तासांची, म्हणजे तेच गाणं रोज पाच वेळा. गिऱ्हाईक तासभर बसून उठतं, त्याला काही वाटत नाही. मुलांना मात्र ते ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून रोज थोडं थोडं वर. शिवाय काउंटरमागे यंत्राची वाफ आणि फ्रीजची घरघर, तिथे उभं राहून हॉलमधला आवाज ठरवताच येत नाही.

यादी बारा तासांची केली. म्यूझॅककडून घेऊन दर तासाला दहा मिनिटं शांतता ठेवली, त्यावर मुलं सगळ्यात जास्त खूश झाली. अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबवर नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्या, एक दुपारची, एक सकाळची. संध्याकाळी नॉब शून्यावर. आणि आवाज बदलायचा तर आधी काचेजवळच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, मगच हात लावायचा, असं ठरलं. परवा गेलो तेव्हा ते आजोबा आले होते. मी पुन्हा दहा मिनिटं मोजलं. तीन टेबलांवर मिळून दोन वेळा 'काय?', आणि त्यातला एक तर त्यांच्या नातवाने परीक्षेतले गुण सांगितल्यावरचा होता.